कोंड्याचा औषधी शाम्पू आणि केसांचा कलर : आधी किती दिवस, नंतर किती दिवस?

तापीकाठ

नमस्कार मंडळी. मी भुसावळची, वय ४६. दोन वर्षांपासून डोक्यात कोंडा आहे, आणि तो साधा झटकून जाणारा नाही. पिवळसर, तेलकट पापुद्रे येतात. भुवयांत आणि नाकाच्या कडेलाही लाली येते. जळगावच्या त्वचेच्या डॉक्टरांनी सेबोरिक डर्माटायटिस सांगितलं आणि २ टक्के किटोकोनॅझोलचा शाम्पू दिला. आठवड्यातून दोनदा, चार आठवडे, मग आठवड्यातून एकदा. गुण खरंच आला.

अडचण कलरची आहे. पुढचे केस जवळपास सगळे पांढरे झालेत, म्हणून दर महिन्याला घरीच ब्राऊन कलर लावते. मागच्या वेळी डोकं स्वच्छ असावं म्हणून शनिवारी संध्याकाळी औषधी शाम्पू लावला, नखांनी पापुद्रे काढले आणि रविवारी सकाळी कलर लावला. दहाव्या मिनिटापासून टाळूची अशी आग झाली की डोळ्यांत पाणी आलं. तरी पस्तीस मिनिटं काढली. मंगळवारी पुन्हा औषधी शाम्पू, सगळ्या केसांना फेस करून दहा मिनिटं ठेवला, तर बादलीत तपकिरी पाणी. पंधरा दिवसांत भांगाजवळचे केस तांब्यासारखे दिसायला लागले.

आखाजीला तीन आठवडे राहिलेत. लेकी माहेरी येणार, त्याच आठवड्यात भाचीचं लग्न. कोंडा सांभाळू की कलर? दोन्हींत किती दिवसांचं अंतर ठेवता तुम्ही?

अमळनेरकर

ताई, किटोकोनॅझोल कलर खातं. माझ्या बायकोचा हाच अनुभव. ते औषध बुरशी मारतं तसं रंगही मारतं. कलर करायचा असेल तर तो शाम्पू महिनाभर बंद ठेवा, दुसरा इलाज नाही.

शहादा_पुणे

महिनाभर बंद केला तर काकूंच्या लग्नाच्या साडीवर कोंडा पडेल ना दादा! अंतर मलाही हवंय. मी ऐकून आहे की आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस.

निंबोळी

इतके केमिकल कशाला लावता? बाजारात काळी मेहंदी मिळते. पाण्यात कालवा, लावा, आग होत नाही, कोंडाही जातो. माझी सासू वीस वर्षं लावते आहे.

कात्री_कंगवा

माझं धुळ्यात पार्लर आहे, १९ वर्षं झाली. तापीकाठ ताई, तुमची आग शाम्पूमुळे कमी आणि शनिवारच्या नखांमुळे जास्त झाली. पापुद्रा ओढून काढला की खालची कातडी कोवळी, ओलसर राहते. घरच्या डब्यातल्या कलरमध्ये अमोनिया किंवा त्याच्या जागचं दुसरं काही असतं, सोबत डेव्हलपर. ते कोवळ्या कातडीवर टाकणं म्हणजे सोललेल्या बोटाला लिंबू लावणं. त्यातून आदल्या संध्याकाळी फेस करून डोक्याचं तेलही धुऊन टाकलेलं. अंगचं जे थोडं तेल टाळूवर असतं, कलरच्या वेळी तेच आडोसा करतं. म्हणून मी माझ्या गिऱ्हाइकांना कलरच्या दिवशी आणि आदल्या दिवशी डोकं धुऊन येऊ नका सांगते. कोंडा असणाऱ्यांना औषधी शाम्पू निदान तीन दिवस आधी.

पण पापुद्रे तसेच ठेवून कलर लावणंही बरोबर नाही. जाड पापुद्र्यावर कलर बसतो, केसाच्या मुळापर्यंत जातच नाही. दोन दिवसांनी तो काळा झालेला पापुद्रा गळतो आणि खाली पांढरा केस उघडा पडतो. बायका म्हणतात कलर उडाला. तो उडालेला नसतो, तिथे लागलेलाच नसतो. ताई, तुमचे तांबूस केस भांगाला सलग आहेत की ठिपक्याठिपक्यांनी?

तापीकाठ

ठिपक्यांनी पांढरे आणि मध्ये मध्ये तांबूस, असं मिश्र आहे. आता वाचल्यावर लक्षात येतंय, ठिपके उजव्या कानावर जास्त आहेत आणि कोंडाही तिथेच जाड असतो.

कात्री_कंगवा

मग दोन वेगळ्या गोष्टी झाल्यात. ठिपके पापुद्र्यांमुळे, आणि तांबूसपणा धुण्यामुळे.

निंबोळी ताई, काळ्या मेहंदीबद्दल मात्र मला बोलावंच लागेल. मेहंदीच्या पानाचा रंग केशरी-तांबडा असतो. ती काळी होते कशी? पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात पीपीडी किंवा पॅरा-फेनिलीनडायअमाइन लिहिलेलं आहे का बघा. बऱ्याच पाकिटांवर सापडतं. डब्यातल्या कलरमध्ये असतं तेच हे. म्हणजे सुटका होत नाही, फक्त नाव बदलतं.

निंबोळी

घरातलं पाकीट आणून पाहिलं. लिहिलंय. सासूबाईंना वीस वर्षांत काही झालं नाही म्हणून मी निश्चिंत होते. आता त्यांच्या कपाळावरच्या काळपट पट्ट्याकडे वेगळ्या नजरेनं बघते आहे.

केळीबाग_रावेर

मंडळी, माझंही ऐका. मी केस आणि मिशा दोन्ही रंगवतो. दोन महिन्यांपूर्वी सोमवारी कलर लावला, काही त्रास नाही. मंगळवारी कोंड्याचा शाम्पू लावला. बुधवारी सकाळी उठलो तर पापण्या सुजलेल्या, कानामागून पाणी येतंय, वरचा ओठ जाड. तेव्हापासून औषधी शाम्पू फेकून दिला. ज्यांना कलर करायचा त्यांनी हे शाम्पू लावूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

गोळी_बाटली

चोपड्याला माझं मेडिकल स्टोअर आहे, फार्मसीचं शिक्षण झालंय. केळीबाग दादा, आधी तुमच्याशी बोलतो, कारण तुमची गोष्ट या धाग्यातली सगळ्यात काळजीची आहे. सूज मिशीवर कशी आली? मिशीला तुम्ही शाम्पू लावला होता का?

केळीबाग_रावेर

नाही. मिशी साबणानं धुतो.

गोळी_बाटली

मग शाम्पू निर्दोष असण्याचीच शक्यता जास्त. कलर जिथे जिथे गेला तिथे तिथे सूज आली. आणि आली कधी, तर लावल्यावर दोन दिवसांनी. पीपीडीची अॅलर्जी अशीच वागते. लावताना शांत, आणि एक ते तीन दिवसांनी पापण्या, कान, कपाळाची कड सुजते, खाज येते, पाणी सुटतं. तापीकाठ ताईंची आग याच्या उलट आहे. लावताना सुरू झाली, धुतल्यावर ओसरली. ती कातडी सोलल्याची आग. दोन्हींना लोक 'कलरचा त्रास' एवढंच म्हणतात, पण पहिल्यात परत कलर लावायचा नसतो आणि दुसऱ्यात टाळू बरी झाली की लावता येतो.

दादा, अशी अॅलर्जी एकदा झाली की साधारण जात नाही, पुढच्या वेळी जास्त जोरात येऊ शकते. घरी पुन्हा 'थोडासा लावून बघू' असं करू नका. त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठीवर पट्ट्या लावून तपासणी होते, ती करून घ्या. तोपर्यंत मिशीलाही नको, आणि काळी मेहंदीही नको.

केळीबाग_रावेर

भो, दोन महिने मी चुकीच्या बाटलीवर राग काढला. पुढच्या आठवड्यात जळगावला जातो.

गोळी_बाटली

आता अमळनेरकरांचं. तुमचं म्हणणं निम्मं खरं आहे. किटोकोनॅझोलच्या माहितीपत्रकात केसांचा रंग बदलू शकतो असं लिहिलेलं असतं, मुख्यतः पांढऱ्या किंवा केमिकलनं खराब झालेल्या केसांत, आणि क्वचित. पण शंभर मिलीच्या बाटलीत औषध दोन ग्रॅम. बाकीचं पाणी आणि फेस करणारा साबणासारखा भाग. रंग मुख्यतः हा फेस आणि पाणी नेतं. साध्या शाम्पूनंही जातो, फक्त आपण साधा शाम्पू एका मिनिटात धुतो आणि औषधी शाम्पू पाच-दहा मिनिटं टोकापर्यंत चोपडून ठेवतो.

औषधाला केसांशी काही काम नाही. ज्या बुरशीवर ते चालतं ती टाळूवर राहते. फेस टाळूला हवा, आणि तीन ते पाच मिनिटं पुरे. ताई, तुम्ही दहा मिनिटं ठेवलात ते डॉक्टरांनी सांगितलं होतं का?

तापीकाठ

नाही हो. पाचच सांगितली होती. लवकर बरं वाटावं म्हणून मीच दुप्पट केली.

अमळनेरकर

म्हणजे औषध रंग खात नाही, फेस खातो. बायकोला दाखवतो. पण तिचे केस दोनच धुण्यांत लालसर झाले होते, तेही साध्या शाम्पूपेक्षा लवकर. ते मी डोळ्यांनी पाहिलंय, एवढं मात्र मागे घेणार नाही.

कात्री_कंगवा

मागे घेऊ नका दादा, मीही पाहिलंय. कलरनंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत लावला की जास्त जातो. कलर करताना केसाची वरची खवली उघडतात, रंग आत जाऊन फुगतो आणि तिथे अडकतो. खवली नीट बसायला वेळ द्यावा लागतो. वहिनींनी कितव्या दिवशी धुतले होते?

अमळनेरकर

दुसऱ्या दिवशीच. लग्नघरात धूळ फार होती.

शहादा_पुणे

माझा प्रसंग सांगते. मी पुण्यात हायलाइट्स करून घेतले, आधी ब्लीच, मग मधासारखा रंग. चार दिवसांनी कोंड्यासाठी घरातला सेलेनियम सल्फाइडचा शाम्पू लावला, भावाचा होता. हायलाइट्स मळकट झाले, जसा जुना पितळी तांब्या घासायचा राहून जावा. पार्लरमध्ये परत पैसे भरावे लागले. ते किटोकोनॅझोलपेक्षा वाईट असतं का?

गोळी_बाटली

कोंड्यावर दोन्ही चालतात. पण फिक्या, ब्लीच केलेल्या किंवा रंगवलेल्या केसांवर सेलेनियम सल्फाइड डाग देऊ शकतं, बाटलीवरच लिहिलेलं असतं. कलरच्या आधी-नंतर दोन दिवस लावू नका, आणि लावला तर केस खूप वेळ खळखळून धुवा. तुझे दोन दिवस बहुतेक तिथूनच आले. सोललेल्या टाळूला तर तो लावायचाच नाही. डांबराच्या म्हणजे कोल टारच्या शाम्पूचंही तसंच, पांढऱ्या केसांवर पिवळट छटा बसते. रंगवणाऱ्या माणसाला या तिघांत निवड करायची असेल तर मी किटोकोनॅझोलच पुढे ठेवीन, पण ते डॉक्टरांना विचारून.

भरीत_भाकरी

इथे आमच्या सौ. विचारतायत, आदल्या रात्री खोबरेल तेल चोपडून कलर लावला तर आग होणार नाही ना? आमच्याकडे तेलाशिवाय डोकं म्हणजे तेलाशिवाय भरीत.

कात्री_कंगवा

वहिनींना सांगा, भरिताला जेवढं तेल लागतं तेवढं डोक्याला नको. तेलानं निथळणाऱ्या केसांवर कलर नीट चढत नाही, पांढऱ्यावर तर नाहीच. कपाळाच्या कडेला आणि कानांच्या पाळीला क्रीम किंवा व्हॅसलिनचा हात द्या, तेवढं चालतं. काही जणी टाळूवर थोडं तेल थापून वरून कलर लावतात आणि आग कमी होते म्हणतात. मला त्याचा भरवसा वाटत नाही, पण एक-दोन गिऱ्हाइकं हट्टानं तसंच करून घेतात आणि खूश असतात.

गोळी_बाटली

तेलकट कोंड्यात रात्रभर तेल ठेवू नये. ही बुरशी तेलावरच वाढते. तेल लावायचंच तर तास-दीड तास आधी, आणि मग धुऊन टाका.

तापीकाठ

आता माझा तीन आठवड्यांचा हिशेब कोणी लावून द्याल का? आखाजी शुक्रवारी आहे असं धरा. आज रविवार. आणखी एक सांगायचं राहिलं, डॉक्टरांनी लाल भागाला लावायला स्टेरॉइडचं लोशन दिलंय, दहा दिवसांसाठी, त्यातले चार झालेत.

कात्री_कंगवा

पहिले दोन आठवडे कलरचा विचार सोडा. बुधवार आणि रविवार औषधी शाम्पू, टाळूला, बोटांच्या पेरांनी, नखं नाहीत. पाच मिनिटं मोजून. केसांच्या लांबीला फेस लावू नका, धुताना ओघळून जातो तेवढा पुरे. लांबीला कंडिशनर. जाड पापुद्रे या दोन आठवड्यांत स्वतःहून सुटले पाहिजेत.

कलर आखाजीच्या आधीच्या रविवारी. म्हणजे शेवटचा औषधी शाम्पू त्याआधीच्या आठवड्यात बुधवारऐवजी गुरुवारी. शुक्रवार-शनिवार डोकं कोरडं. रविवारी सकाळी खिडकीच्या उजेडात भांग पाडून कोणाकडून तरी बघून घ्या. लाल चट्टा, भेग, ओलसर जागा दिसली तर त्या दिवशी कलर नाही. लग्न असो नाहीतर काही. नसेल तर फक्त मुळांना, पाव-पाव इंचाच्या भांगा पाडून. दर महिन्याला टोकापर्यंत ओढू नका, जुनी लांबी नुसती कोरडी होते. पाकिटावर ३० मिनिटं असेल तर ३०. पस्तीस, चाळीस नाही. मध्येच आग वाढली तर लगेच धुवा, अर्धवट कलर परत करता येतो.

मग बुधवारपर्यंत पाणी नाही. बुधवारी सौम्य शाम्पू आणि कोमट पाणी, गरम नाही. औषधी शाम्पू आखाजीनंतरच्या शनिवारी.

गोळी_बाटली

मी दोन गोष्टी जोडतो. एक, पॅच टेस्ट. सूज आल्याचं तुम्ही सांगितलं नाही, तरी करायची, कारण दहा वेळा चालला म्हणून अकराव्यांदा चालेल असं या पीपीडीचं नसतं. तोच ब्रँड, तीच छटा, पाकिटावर सांगितलंय तसं कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं. ४८ तास थांबा, त्यानंतरही एखादा दिवस लक्ष ठेवा. म्हणजे मंगळवारी लावलं तर शुक्रवारी कळेल, रविवारच्या आत. ती जागा स्टेरॉइड लोशनची नको. लोशन अॅलर्जी दाबून ठेवतं आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. लोशनही स्वतःहून तोडू नका, दहा दिवस पूर्ण करा, तोवर तुमची टेस्टही पुढे आहे.

दोन, गुरुवार ते पुढचा शनिवार म्हणजे नऊ दिवस होतात. उन्हाळा आहे, घाम आहे, मध्येच खाज सुटली तर अंगावर काढू नका. कलरनंतर तीन दिवस गेले की एकदा लावा, फक्त टाळूला. थोडा रंग गेला तर जाऊ द्या, खाजवून टाळू सोललीत तर पुढच्या महिन्यात परत तीच आग.

अमळनेरकर

आणि पाणी? आमच्याकडे बोअरचं पाणी, बादलीला पांढरा थर बसतो. त्यानंही रंग जातो म्हणतात.

कात्री_कंगवा

माझ्या अनुभवात जातो. बोअरवाल्या गिऱ्हाइकांचा कलर आधी निस्तेज होतो.

गोळी_बाटली

मी इतकं ठामपणे म्हणणार नाही ताई. क्षाराच्या पाण्यात फेस येत नाही, म्हणून माणूस दोनदा शाम्पू घेतो आणि जोरात चोळतो. रंग क्षारानं गेला की दुसऱ्या शाम्पूनं, हे कसं वेगळं करणार?

कात्री_कंगवा

माझ्या पार्लरमध्ये दोन्ही पाण्यांचे केस रोज येतात. शाम्पू मीच मोजून घालते. तरी फरक दिसतो. तुम्हाला पटत नसेल तर राहू द्या.

तापीकाठ

(साडेचार आठवड्यांनी)

मंडळी, आखाजी झाली, लग्न झालं, झोके उतरले. काय झालं ते सांगते.

पहिल्या आठवड्यात काही विशेष नाही, दुसऱ्याच्या शेवटी उजव्या कानावरचे पापुद्रे आपोआप सुटून कंगव्यात आले. मंगळवारी कानामागे टेस्ट केली, शुक्रवारपर्यंत काही नाही. रविवारी लेकीनं भांग पाडून पाहिलं तर मानेजवळ चवलीएवढी लाल जागा. तेवढा भाग सोडून बाकी मुळांना लावला, तीस मिनिटं. बाराव्या मिनिटाला किंचित चुरचुरलं, वाढलं नाही. बुधवारी धुतले तेव्हा पाणी रंगीत आलं, पण चहासारखं फिकं, मागच्यासारखं गडद नाही.

घाम फार झाला. लग्नाच्या आदल्या रात्री खाज असह्य झाली तेव्हा गोळी_बाटली दादांचं ऐकून टाळूपुरता औषधी शाम्पू लावला, चार मिनिटं. लग्नात भांग काळाभोर नव्हता, पण ब्राऊन होता, ठिपके नव्हते. आज अठरावा दिवस. तांबूसपणा आलाय, पण फक्त पुढच्या दोन बटांवर, जिथे ऊन लागतं तिथे. मागे रंग आहे तसाच आहे.

मानेजवळचे पांढरे केस अंबाड्यात लपवले. ती लाल जागा अजून आहे, भेग नाही, पापुद्रा नाही, फक्त लाल. पुढच्या टचअपला तिथे लावावं का?

कात्री_कंगवा

लाल आहे तोवर नाही. डॉक्टरांना दाखवा, कोंड्याशिवायही मानेवर बरंच काही होतं. तोपर्यंत अंबाडा थोडा खाली बांधा.

केळीबाग_रावेर

माझीही तपासणी झाली. पाठीवरची पट्टी काढली तेव्हा एकाच चौकोनात लाल फोड होते, पीपीडीच्या. डॉक्टर म्हणाले आयुष्यभर ते नको. शाम्पू परत सुरू केलाय, कोंडा कमी आहे. केस आणि मिशी आता पांढरीच. नातू पहिल्या दिवशी ओळखत नव्हता, आता मिशी ओढतो.

शहादा_पुणे

काका, पीपीडी नसलेले कलर असतात ना? मी पाहिलेत दुकानात.

गोळी_बाटली

असतात. पण काहींमध्ये त्याचंच भावंड घातलेलं असतं, पीटीडी म्हणजे टोल्युइन-डायअमाइन, आणि पीपीडीची अॅलर्जी असलेल्या बऱ्याच जणांना तेही चालत नाही. दादा, पाकिटावर 'पीपीडी फ्री' वाचून घरी आणू नका. पाकीट तपासणी केलेल्या डॉक्टरांनाच दाखवा.